मदत हवी आहे: दोनपैकी कोणता मजकूर पाठवू?

अधीर: संध्याकाळच्या आत पाठवायचंय. अर्थ एकच आहे, कोणता बरा?

क) आपल्याकडील कामाचे देयक अद्याप प्रलंबित आहे. कृपया १० तारखेपर्यंत रक्कम जमा करावी, ही विनंती.

ख) नमस्कार, मागच्या कामाचे पैसे अजून यायचे राहिलेत. जमलं तर १० तारखेपर्यंत पाठवाल का?

जुनाखाक्या: डोळे मिटून क. पैशाचा मामला आहे, उद्या पुरावा लागला तर औपचारिकच कामी येतं.

ओसरी: कोणाला पाठवताय? पहिलीच आठवण आहे का? आजवर एकमेकांना काय म्हणत आलात?

चकवा: मीही याच पेचात आहे. रजेच्या अर्जात ‘आदरणीय’ लिहू की ‘माननीय’?

अधीर: @चकवा वेगळा धागा काढा ना. @ओसरी ज्यांनी काम दिलं त्यांनाच. दुसरी आठवण. पहिली चॅटवर केली होती, ‘तुम्ही’ म्हणूनच.

ओसरी: मग हे आधी सांगायचं! रोज ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस अचानक ‘आपल्याकडील’ आणि ‘जमा करावी’वर आला की समोरच्याला वाटतं, हा चिडला. तसं वाटवायचं असेल तर क पाठवा. पण ख मध्ये अर्थ तोच राहिलेला नाही. ‘जमलं तर’ने १० तारीख ऐच्छिक झाली. नाही जमलं, तर त्यांचं काय चुकलं? गोडवा नमस्कारात ठेवा, तारखेत नको.

टिपणी: क मध्ये ‘कृपया’ही आणि ‘ही विनंती’ही. एकच पुरे.

जुनाखाक्या: @ओसरी म्हणजे पुराव्याचं सोडूनच द्यायचं?

ओसरी: पुरावा भाषेच्या कडकपणात नसतो हो. बिल क्रमांक, रक्कम, बिलाची तारीख यांत असतो, आणि ते तर दोन्हींत नाही.

अधीर: बरं, हे बघा:

‘नमस्कार, मागच्या कामाचे पैसे अजून जमा झालेले नाहीत. बिल पुन्हा जोडलंय, क्रमांक आणि रक्कम त्यात आहे. १० तारखेपर्यंत पाठवा. काही अडचण असेल तर त्याआधी कळवा, म्हणजे मला पुढचं ठरवता येईल.’

टिपणी: ‘पाठवा’ फार कोरडं. ‘पाठवाल ना?’ करा.

जुनाखाक्या: पुन्हा विनवण्या! ‘पाठवा’च राहू दे.

ओसरी: मी ‘कृपया १० तारखेपर्यंत पाठवा’ म्हणेन. ‘ना’ जवळच्या माणसाला शोभतं, आणि तारीखही पुन्हा प्रश्नातच अडकते. शेवटचं वाक्य मात्र ठेवाच, ऊब तिथे आहे. एक सांगा, हा मेल ते हिशेब बघणाऱ्यांकडे पुढे धाडतील का? तसं असेल तर त्यांच्यासाठी क च्या वळणाचा, बिल क्रमांकासह, वेगळा मजकूर लागेल.

अधीर: धाडतील बहुतेक. मग दोन मेल करू?

चकवा: ‘आदरणीय’च लिहिलं शेवटी. साहेबांचं उत्तर आलं, ‘ओके’.