'आदान कर प्रत्यय' दुकानदाराला कसं सांगायचं?

मृण्मयी_लेखनिक
बहिणीच्या कर सल्ला कार्यालयाचं माहितीपत्रक नव्यानं लिहितेय. कार्यालय भवानी पेठेत आहे आणि अशिलं म्हणजे बहुतेक हार्डवेअर, प्लायवूड आणि रंगाचे दुकानदार. सध्याचं पहिलंच वाक्य असं : "कलम 16 मधील तरतुदींनुसार आदान कर प्रत्ययाचे GSTR-2B शी समायोजन व अनुपालन." एका दुकानदाराला वाचायला दिलं, तर म्हणाला, "म्हणजे रिटर्न भरता, असंच ना?" खरं तर त्याचे सर्वांत जास्त पैसे ज्या कामानं वाचतात, तेच या वाक्यात आहे. 'आदान कर प्रत्यय' म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, त्याला शब्द सुचवा.

कोथरूडकर
सोपं आहे, 'परतावा'. "माल घेताना भरलेला जीएसटी परत मिळवून देऊ."

जुनी_चोपडी
परतावा नको. परतावा म्हटलं की माणूस बँकेत पैसे यायची वाट बघतो आणि चार महिन्यांनी भांडायला येतो. ही रक्कम हातात येत नाही, पुढे भरायच्या करातून वजा होते.

समजा, दुकानदारानं 1,00,000 रुपयांचा रंग घेतला आणि त्यावर 18 टक्क्यांनी 18,000 जीएसटी घाऊक व्यापाऱ्याला दिला. तोच माल 1,20,000 ला विकला आणि गिऱ्हाइकांकडून 21,600 जीएसटी घेतला. क्रेडिट मिळालं तर सरकारला भरायचे फक्त 3,600. पण घाऊकवाल्यानं ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, तर ते 2B मध्ये, म्हणजे दुकानदाराच्या नावावर पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदी बिलांच्या यादीत, येत नाही आणि पूर्ण 21,600 भरावे लागतात. म्हणजे 18,000 एकदा घाऊकवाल्याला दिले, वर पुन्हा खिशातून सरकारला.

पेठेत याला सरळ "क्रेडिट अडकलं" म्हणतात. विक्रीकर आणि व्हॅट पाहिलेले लोक अजून "सेटऑफ" म्हणतात.

शुद्धलेखन_प्रेमी
मग 'वजावट' का नाही? अस्सल मराठी शब्द आहे.

जुनी_चोपडी
छान आहे, पण वजावट म्हटलं की लोकांना विम्याचा हप्ता आणि इन्कम टॅक्स आठवतो. 'क्रेडिट' तोंडात बसलंय, तेच ठेवा.

किराणा_भुसार
माझा प्रश्न. मी कंपोझिशन योजनेत आहे, उलाढालीवर सरसकट 1 टक्का भरतो. माझं इतक्या वर्षांचं क्रेडिट अडकलंय का? कुठे बघायचं?

जुनी_चोपडी
दादा, तुमचं काही अडकलेलं नाही. कंपोझिशनमध्ये खरेदीवरचं क्रेडिट मिळतच नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटीही घेता येत नाही. मृण्मयीताई, हे माहितीपत्रकात लिहाच, नाहीतर असे दहा फोन येतील.

मृण्मयी_लेखनिक
लिहिते. आणि 'समायोजन'चं काय करू? मी 'ताळमेळ' केलंय.

जुनी_चोपडी
शब्द बदलून भागणार नाही, काय करता ते लिहा. दरमहा रिटर्न भरणारा घाऊकवाला 11 तारखेपर्यंत आपली बिलं चढवतो, 14 ला 2B तयार होतं आणि 20 ला दुकानदाराचं 3B, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरायचं असतं. खरं काम या मधल्या दिवसांत होतं. खरेदीची बिलं 2B शी लावून बघायची, जे दिसत नाही त्याचं कारण शोधायचं.

घाऊकवाला तिमाही रिटर्नवाला असेल, तर बिल उशिरा येतं, बुडत नाही. त्यानं जीएसटी नंबर चुकवला असेल किंवा नंबर न टाकताच बिल केलं असेल, तर त्याच्याकडून पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करून घ्यायची. आणि त्यानं रिटर्नच भरलं नसेल, तर मागे लागायचं, पुढचं पेमेंट रोखून धरायचं. साधारणपणे वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत हे निस्तरलं नाही, तर ते क्रेडिट गेलंच.

मृण्मयी_लेखनिक
मग हे कसं वाटतं?

"माल घेताना तुम्ही जीएसटी देता. घाऊक व्यापाऱ्यानं ते बिल सरकारला दाखवलं नाही, तर तोच कर तुम्हाला पुन्हा भरावा लागतो. आम्ही दर महिन्याला 14 ते 20 तारखेच्या दरम्यान तुमचं प्रत्येक खरेदी बिल तपासतो. जे दिसत नाही, त्यासाठी व्यापाऱ्याला आम्ही फोन करतो आणि अडकलेलं क्रेडिट सोडवून देतो. (कंपोझिशनवाल्या दुकानदारांना हे लागू नाही.)"

कोथरूडकर
झकास. आता कुणालाही कळेल.

जुनी_चोपडी
"सोडवून देतो" काढा. व्यापाऱ्यानं दुकानच गुंडाळलं तर काय सोडवणार? "पाठपुरावा करतो" लिहा.

मृण्मयी_लेखनिक
'पाठपुरावा' तर थेट सरकारी पत्रातला शब्द झाला! "मागे लागतो" चालेल?

शुद्धलेखन_प्रेमी
छापील कागदावर "मागे लागतो"? वसुलीवाले वाटतील.

जुनी_चोपडी
मला चालेल. पण 2B चं नाव पूर्ण काढू नका. नोटीस येते तेव्हा तिच्यात तेच लिहिलेलं असतं, ते दुकानदारानं एकदा तरी वाचलेलं असावं.

मृण्मयी_लेखनिक
बहीण म्हणते ठेव, तो दुकानदार म्हणतो आकडे बघितले की पान उलटतो. तूर्त खाली बारीक अक्षरात टाकतेय.