होम लोनचे १९२ हप्ते उरायला हवे होते, स्टेटमेंटमध्ये ३६० दिसून राहिले. काय करावं?

मीनल_खामला
नमस्कार. जुलै २०२१ मध्ये बेसा रोडवरच्या फ्लॅटसाठी एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून २० लाखांचं लोन घेतलं. मुदत २० वर्षं, फ्लोटिंग, तेव्हा व्याज साडेसात टक्के, हप्ता १६,११२. हप्ता एकदाही चुकला नाही आणि एकदाही वाढला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

परवा रिटर्न भरायसाठी व्याजाचं सर्टिफिकेट मागितलं, सोबत स्टेटमेंटही आलं. त्यात व्याज साडेनऊ टक्के, शिल्लक मुद्दल १९ लाख १६ हजार आणि उरलेले हप्ते ३६०! चार वर्षांत आम्ही पावणेआठ लाख भरले आणि मुद्दल फक्त ८४ हजारांनी उतरलं. मी ४४ वर्षांची आहे. शाळेतून ५८ला रिटायर होणार आणि हप्ते ७४पर्यंत.

ब्रांचमध्ये म्हणाले, एसएमएस पाठवले होते. शोधले तर इंग्रजीतले दोन सापडले. व्याजदर बदलला आहे, हप्ता तोच राहील, एवढंच त्यात आहे. मुदतीचा शब्द नाही.

न विचारता मुदत अशी वाढवता येते का? आता माझ्या हातात काय आहे? तीन गोष्टी आधीच सांगते. महिन्याला २,००० पेक्षा जास्त वाढवणं जमणार नाही. एक लाखाची एफडी आहे, ती मुलाच्या ॲडमिशनची, मोडायची नाही. आणि दुसऱ्या बँकेत लोन नेणं कठीण आहे, कारण मिस्टरांनी मागच्या वर्षी नोकरी सोडून हिंगण्याला वर्कशॉप टाकलं, त्यांचं धंद्याचं एकच रिटर्न आहे.

प्रशांत_मानेवाडा
ताई, सरळ बॅलन्स ट्रान्सफर करा. मी दोन वर्षांपूर्वी सरकारी बँकेत नेलं. २६ दिवस लागले, कागदांसाठी आठ चकरा झाल्या, पण आता रिझर्व्ह बँकेचा रेपो दर उतरला की व्याज आपोआप उतरते. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एक टक्क्यानं खाली आला, साडेसहाचा साडेपाच. तुमच्या कंपनीनंही तो फायदा द्यायलाच पाहिजे, कायदा आहे.

उमरेड_रोड_वाला
मी १५ वर्षांचं लोन सात वर्षांत फेडलं. एक प्लॉट विकला आणि सगळा पैसा लोनमध्ये टाकला. एफडी कशाला ठेवता? एफडीवर मिळते सात टक्के आणि लोनवर भरता साडेनऊ. आजच मोडा.

सोनू_जरीपटका
माझ्या बाईकच्या लोनचा हप्ता तीन वर्षांत एक रुपया बदलला नाही. तुमचं ॲग्रीमेंट न वाचता सही केली असेल. माझ्या एजंटनं सगळं वाचून दाखवलं होतं.

निवृत्त_धरमपेठ
सोनू, बाईकचं लोन फिक्स्ड असतं. तिथे हा प्रश्नच येत नाही.

प्रशांत, तुझं अर्धं बरोबर आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या दराशी जोडावं लागतं, बहुतेकांनी रेपो घेतला, आणि तीन महिन्यांतून किमान एकदा तो बदल ग्राहकापर्यंत पोचवावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही. त्या आपला स्वतःचा मूळ दर ठरवतात. म्हणून रेपो उतरला तरी मीनलताईंचा दर आहे तिथेच बसून राहू शकतो.

आता ताईंचा प्रश्न. मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच कर्ज विभागात. दर वाढवणं आणि तो बोजा कुठे टाकायचा, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲग्रीमेंटमध्ये फ्लोटिंगचं कलम असलं की दर वाढवता येतो, फक्त मागच्या तारखेपासून नाही. पण वाढलेला दर हप्त्यात घालायचा, मुदतीत घालायचा की थोडा थोडा दोन्हीत, हे ठरवण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात हे लिहिलंय. ते हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे आणि जुन्या कर्जांना ३१ डिसेंबर २०२३पर्यंत लागू करायचं होतं. हप्ता किंवा मुदत वाढली की लगेच कळवायचं. शिवाय दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट द्यायचं, ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दिसला पाहिजे. ताई, ही तिमाही स्टेटमेंटं तुम्हाला कधी आली का? ईमेल आणि कंपनीचं ॲप दोन्ही बघा. तक्रारीत पहिला प्रश्न तोच येईल.

मीनल_खामला
काका, ईमेलवर काही नाही. ॲप मी आजच उघडलं. त्यात 'स्टेटमेंट' म्हणून जागा आहे, तिथे फाइल पडलेल्या आहेत. पण त्या आल्याचं कोणी कळवलं नव्हतं.

निवृत्त_धरमपेठ
मग ते म्हणतील, ॲपवर ठेवलं होतं. स्टेटमेंटपुरतं त्यांचं म्हणणं टिकेल. पर्याय विचारला नाही, हा मुद्दा मात्र तुमच्याकडे पक्का आहे.

राधिका_लक्ष्मीनगर
नोटीस मराठीत द्यायला हवी ना? नियमात स्थानिक भाषा आहे. माझ्या आईला एका फायनान्स कंपनीनं पानभर इंग्रजी पत्र पाठवलं होतं, ती तीन दिवस घाबरून होती.

प्रशांत_मानेवाडा
नियमात कर्जदाराला समजेल अशी भाषा असंही आहे. ताई शिक्षिका आहेत, इंग्रजी समजते म्हणतील.

राधिका_लक्ष्मीनगर
शिक्षिका आहेत म्हणून बँकेची इंग्रजी समजली पाहिजे? त्या दोन मेसेजमध्ये मुदतच लिहिली नाही, ते मराठीत असते तरी काय कळलं असतं, हे मान्य. पण सवय म्हणून तरी मराठीत मागितलं पाहिजे. मी मागितलं होतं, मिळालं.

निवृत्त_धरमपेठ
भाषेवर भांडू नका, ताईंचा आकडा बघा. १९ लाख १६ हजारांवर साडेनऊनं महिन्याचं व्याज होतं १५,१६८. हप्ता १६,११२. म्हणजे मुद्दलात महिन्याला जेमतेम ९४४ जातात. हप्ता न हलवता दर वाढवला की असं होतं. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला बहुतेक भाग व्याजाचाच असतो, त्यामुळे दर दोन टक्क्यांनी वाढला की मुदत १४ वर्षांनी लांबते. दर आणखी वाढून १०.१ झाला असता, तर हप्ता व्याजालाही पुरला नसता आणि मुद्दल वाढू लागलं असतं. तेवढं मात्र २०२३च्या नियमानं होऊ द्यायचं नाही.

ठरलेल्या वेळेत, म्हणजे १९२ हप्त्यांत संपवायचं तर आजच्या दरानं हप्ता १९,४५० हवा. ३,३४० जास्त. तो दिला तर एकूण ३७ लाख ३४ हजार जातात, ३६० हप्ते भरले तर ५८ लाख. ताईंची मर्यादा २,००० आहे, म्हणून आधी दर खाली आणा. कंपनीकडे नवीन ग्राहकांसाठी कमी दर असतो. जुन्या ग्राहकाला तो कन्व्हर्शन फी घेऊन देतात. लेखी विचारा: दर किती, फी किती.

मीनल_खामला
विचारून आले. साडेआठ देतो म्हणाले. फी शिल्लक मुद्दलाच्या अर्धा टक्का अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ११,३००. आणि पूर्ण लोन बंद केलं तर दोन टक्के चार्ज लागेल म्हणाले.

प्रशांत_मानेवाडा
दोन टक्के? फ्लोटिंगवर वैयक्तिक होम लोन बंद करायला चार्ज लावताच येत नाही. माझ्या वेळी जुन्या कंपनीनंही असंच म्हणून पाहिलं, मी लेखी मागितलं तर गप्प. आता तरी ट्रान्सफर करा, ११,३०० कशाला द्यायचे?

उमरेड_रोड_वाला
बरोबर. किंवा एफडी.

निवृत्त_धरमपेठ
चार्जबाबत प्रशांत शंभर टक्के बरोबर. साडेआठ घेताना एक गोष्ट नीट बघा, ताई. दर कमी केला आणि हप्ता १६,११२च ठेवला, तर मुदत २६२ हप्त्यांवर येते, १९२ वर नाही. फॉर्मवर 'उर्वरित मुदत १९२ महिने' असं लिहून घ्या. मग हप्ता १८,२९० होईल. नुसतं 'दर कमी करून मिळावा' असं लिहून सही केली, तर २६२ तुम्ही मान्य केल्यासारखं होईल.

आणि माझं मत असं की आधी तक्रार द्या. ब्रांचला नाही, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ईमेलनं आणि रजिस्टर पोस्टानंही. पर्याय न देता मुदत वाढवली, म्हणून फी माफ करून मूळ मुदतीवर आणा, एवढीच मागणी. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढे.

राधिका_लक्ष्मीनगर
पुढे म्हणजे सिव्हिल लाइन्सच्या रिझर्व्ह बँकेत ना? आईच्या वेळी मी ओम्बड्समनकडेच केली होती.

निवृत्त_धरमपेठ
तुमच्या आईची साधी फायनान्स कंपनी असेल. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते, grids.nhbonline.org.in वर. सँक्शन लेटरवर कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणी बघून मगच भरा. चुकीच्या ठिकाणी गेली तर महिना तसाच जातो.

सोनू_जरीपटका
काका, म्हणजे माझ्या बाईकवाल्यांनी वाढवलं तर कुठे जायचं?

मीनल_खामला
सगळ्यांचे आभार. जे केलं ते सांगते, काहींना पटणार नाही.

तक्रार परवा ईमेलनं आणि पोस्टानं दिली. पण काका, उत्तराची वाट न बघता काल फी भरून साडेआठवर आले. फॉर्मवर १९२ महिने स्वतःच्या हातानं लिहिलं आणि शिक्का मारलेली प्रत घेतली. हप्ता १८,२९०. माझ्या मर्यादेच्या १७८ रुपये वर गेला, ते मी बसवीन. महिनाभर थांबले असते तर जवळजवळ सोळाशे रुपये नुसते जास्तीच्या व्याजात गेले असते, आणि माझी झोप गेली असती ती वेगळीच. ट्रान्सफरसाठी एका बँकेत विचारलं होतं. मिस्टरांचं आणखी एक रिटर्न भरल्यावर या म्हणाले.

निवृत्त_धरमपेठ
मी थांबलो असतो. फी भरल्यावर ती परत मिळवणं फार अवघड होतं, आता ते म्हणतील की तुम्ही स्वखुशीनं घेतलं. फॉर्मच्या मागच्या बाजूला 'पूर्वीच्या सर्व बदलांना माझी संमती आहे' असं काही छापलेलं आहे का, बघा.

मीनल_खामला
आहे, काका. सातव्या ओळीत. मी ती ओळ खोडून बाजूला सही केली होती, काउंटरवरच्या मुलीनं काही म्हटलं नाही. ते चालेल की नाही, हे तक्रारीच्या उत्तरातच कळेल. नवीन शेड्यूल आज ॲपवर आलं. शेवटचा हप्ता जुलै २०४१.