प्रतिसाद: कोळंबीच्या काट्याची खालची धार बघा

> 'गणेश पेठेतला फोटो टाकलाय. विक्रेता समुद्रातली पांढरी कोळंबी म्हणतो, भाव तसाच. मला व्हेनामी वाटते.'

मलाही तळ्यात वाढवलेली व्हेनामीच वाटते. फोटो मोठा करून डोक्यावरचा करवती काटा बघा. वरच्या धारेचे दात दोघींचे जवळपास सारखेच, ते मोजू नका. खालच्या धारेवर व्हेनामीला बहुधा दोनच दात असतात, फार तर चार. समुद्रातल्या पांढरीला बहुधा चार ते सहा. शिवाय पांढरीचा काटा लांब, किंचित वळत पुढे जातो. व्हेनामीचा आखूड, छोट्या मिशांच्या जाड देठापाशीच संपतो. तुमच्या डावीकडच्या कोळंबीत खाली दोन दात स्पष्ट दिसतात.

रंगावर जाऊ नका. बर्फात दोन्ही फिकट पडतात, आणि पिवळ्या बल्बखाली सगळंच ताजं दिसतं! टायगर कोळंबीचे आडवे पट्टे तेवढे भरवशाचे.

अंगाचा बाकही फसवा, टोपलीत दाबली की कुठलीही वाकते. पण डोक्यामागून मोजलेल्या दुसऱ्या कड्याचं कवच पुढच्या-मागच्या दोन्ही कड्यांवर चढलेलं दिसलं, तर ती गोड्या पाण्यातल्या झिंग्याच्या जातकुळीतली.

काटा मोडलेला किंवा डोकं काढलेलं असेल तर फोटोवरून मी तरी नाव सांगणार नाही.