मदत हवी आहे: टीएसएच कमी, एफटी४ जास्त, पण पेशंट ठणठणीत

सोलापुरात आमच्या लॅबमध्ये क्लिया मशीनवर एका बाईंचा टीएसएच ०.०५ आणि एफटी४ ३.८ आलाय. धडधड नाही, वजनही घटलेलं नाही. केस गळतात म्हणून रोज १० मिलिग्रॅम बायोटिन चालू आहे. किट स्ट्रेप्टॅव्हिडिनवालं, रक्तातलं बायोटिन त्या जागा अडवतं आणि दोन्हीकडे प्रकाश घटतो.

टीएसएच मोठा, दोन अँटिबॉडींमध्ये धरता येतो, म्हणून सँडविच: प्रकाश कमी, निकाल कमी. टी४ एवढासा, दुसऱ्या अँटिबॉडीला जागाच नाही, म्हणून स्पर्धात्मक: प्रकाश कमी, तर निकाल जास्त.

बायोटिन ७२ तास बंद ठेवून पुन्हा सॅम्पल घेणं पुरेल का? स्ट्रेप्टॅव्हिडिन नसलेल्या किटवर हेच सीरम कुणी लावून देईल का? डायल्यूशन सुचवू नका, एफटी४ला ते चालत नाही.