मदत हवी आहे: दोन मिनिटांची बोंडअळीची फिल्म, कटआउट की रिग?

नमस्कार मंडळी. गावातल्या शेतकऱ्यांसाठी गुलाबी बोंडअळीवर २ मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करतो आहोत. माणसं तिघं, लॅपटॉप एकच, ८ जीबी रॅमचा. सॉफ्टवेअर फुकटचं, ओपनटून्झ.

फ्रेम बाय फ्रेमचा हिशोब केला. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं, म्हणजे १२० सेकंदांना १,४४०. दोघांनी रोज वीस-वीस काढली तरी ३६ दिवस, आणि रंग भरणं वेगळंच. म्हणून पूर्ण फिल्म तशी नको.

डवरणी करणारा शेतकरी कटआउटने केला आहे. हात वाकला की कोपरात फट दिसायची. दंड आणि पुढचा हात दोन्हींची टोकं सारख्याच मापाची गोल करून एकमेकांवर चढवली, पिव्होट त्या गोलाच्या बरोबर मधात ठेवला, तेव्हा फट गेली. पण तासाच्या टोकाला बैलजोडी वळते, तिथं बाजूचे तुकडे कामाचे नाहीत. ती ८-१० चित्रं हातानेच काढावी असं वाटते.

खरी अडचण अळीची आहे. डोमकळीतून, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या कपाशीच्या फुलातून, बाहेर येताना तिचं अंग आकसलं-ताणलं पाहिजे. तुकडे केले तर ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. एकाच चित्रावर प्लास्टिक टूलने जाळी टाकून रिग केलं, तर वाकताना पोटाकडची रेघ चुरगळते.

जाळी बारीक करावी की सांध्यांचे बिंदू वाढवावे? की एवढ्या शॉटला १२ चित्रांची लूपच बरी?