अनुभव हवेत: जास्त पगाराचा व्हीएमसी ऑपरेटर की कमी पगाराची टूलरूम?

सांगलीकर_काका: पुतण्या आयटीआय मशिनिस्ट झालाय. कुपवाड एमआयडीसीत एकीकडे व्हीएमसी ऑपरेटर, हातात 18 हजार, ओव्हरटाइम वेगळा. दुसरीकडे टूलरूममध्ये ट्रेनी, 12 हजार. भाऊ म्हणतो डोळे झाकून अठरा घे. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी लिहा. सल्ले घरात भरपूर मिळतात.

मिरजेचा_फिटर: मी टूलरूम धरली. पहिले कित्येक महिने ग्राइंडरवर ब्लॉक घासले, व्हाइसला डायल लावला. प्रॉडक्शनला सेटर सगळं लावून जातो. ऑपरेटरने जॉब बांधायचा, सायकल स्टार्ट, गेज घालून बघायचं.

फरक कुठे पडतो सांगतो. डायमधला पॉकेट 0.04 मिमी लहान आला. कटर झिजलाय म्हणून त्रिज्येचा ऑफसेट 0.02 ने कमी केला की माप येतं, हे कोणीही सांगेल. पण आमच्या उस्तादांनी आधी वर आणि तळाशी दोन्हीकडे मोजायला लावलं. वर बरोबर, तळाशी लहान, म्हणजे कटर वाकतोय. तेव्हा ऑफसेट बदलला तर वरचं माप हाताबाहेर जातं. कटर होल्डरमध्ये आत घेतला, फिनिशचा कट हलका केला, जमलं. पुढे पगार ऑपरेटर दोस्तांच्या वर गेला, पण तोवर घरून डबा आणि वडिलांची पेन्शन होती, हेही खरं.

विटा_एक्सप्रेस: एवढं कशाला? अठरा घ्या, संध्याकाळी कॅमचा क्लास लावा, प्रोग्रामर व्हाल.

मिरजेचा_फिटर: सॉफ्टवेअर शिकाल. पण जॉब कुठून धरायचा, क्लॅम्प कटरच्या वाटेत येतोय का, हे हाताने सेटिंग केल्याशिवाय सुचत नाही. शिवाय शिफ्ट फिरती असली तर क्लासचं बोंबललंच.

वाळव्याचा_पाटील: साखर कारखान्यात हंगामी आहे. कायम करतील म्हणून थांबावं का? त्यात पगार कमीच.

सांगलीकर_काका: पाटील, तो वेगळा विषय. नवीन धागा काढा राव.

कोरेगावची_सून: आमच्या ह्यांना साताऱ्यात टूलरूम म्हणून घेतलं आणि दीड वर्ष एकाच पार्टवर उभं केलं. पगार ट्रेनीचा, काम ऑपरेटरचं. जॉइन होण्याआधी आत नेऊन दाखवा म्हणा. टेबलावर वेगवेगळे एकेकटे जॉब आणि ड्रॉइंग दिसले तर टूलरूम. एकाच पार्टच्या क्रेटी दिसल्या तर समजून जा.

कुपवाड_नाइटशिफ्ट: माझ्यावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं, बारात हप्ताच निघाला नसता. ऑपरेटर झालो. सेटर यायच्या आधी टूल काढून ठेवायचो, लांबी कशी घेतो ते बघायचो. आज सेटर आहे. पण माझा सेटर शिकवणारा निघाला. बाजूच्या लाइनवरचा ऑफसेटच्या पानाला हातसुद्धा लावू देत नाही.

सांगलीकर_काका: हप्ता नाही आमच्याकडे. फिटर, ट्रेनीतून कायम कधी करतात हे ऑफर लेटरमध्ये लिहून देतात का? तोंडी एक वर्ष म्हणालेत.