अनुभव धागा: तो लाल किटलीचा दिवा लागला तेव्हा तुम्ही काय केलंत?

भाची लर्निंगच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. तेलाच्या किटलीचं लाल चित्र, खाली थेंब, याचा अर्थ काय? तिने टिक केलं, ऑइल कमी झालंय, पुढच्या सर्व्हिसिंगला भरा. पोटात गोळाच आला माझ्या, कारण मी पण हेच समजून इंजिन घालवलंय. आधी फक्त वळणावर दिवा लुकलुकायचा आणि गाडी सरळ झाली की जायचा, मला वाटलं वायर लूज असेल. आठवड्याने तो लागला तो लागलाच, घर ४ किमीवर म्हणून तसाच दामटलो, टकटक आवाज सुरू झाला आणि इंजिन जाम. तुमचंही सांगा.

जुनाखटारा: दिवा लागला की एक लिटर ऑइल ओतायचं, विषय संपला. एवढं काय त्यात

ग्रीसचेहात: नाही दादा, संपत नाही. तो दिवा प्रेशरचा आहे, लेव्हलचा नाही. यांचं ऑइल कमी होतं म्हणून वळणावर ते चेंबरमध्ये एका बाजूला जायचं, पंप हवा ओढायचा, प्रेशर पडायचं. लुकलुकणं हीच पहिली सूचना होती. लाल लागला की सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद, सपाटीवर ५-१० मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. कमी असेल तर भरा. भरून चालू केल्यावरही दिवा राहिला, किंवा लेव्हल आधीच बरोबर होती, तर बंद करा आणि टो करून न्या, पंप गेलेला असू शकतो.

नवशिकी: पण माझ्या गाडीत चावी फिरवली की तो रोज लागतो 😭 बॅटरीचा पण

घाईघाई: अगं तो लागायलाच हवा, दिवा चालू आहे हे कळतं. स्टार्ट झाल्यावर दोन-तीन सेकंदात जायला हवा. नाही लागला तर जास्त काळजी कर. बरं कुकर झालाय, येते

जुनाखटारा: माझा पिवळा इंजिनचा दिवा वर्षभर चालू आहे, काही झालं नाही

ग्रीसचेहात: तो वेगळा हो 😄 पण तो लुकलुकायला लागला तर सिलिंडर मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटलिस्टला जाळतं. तेव्हा दामटू नका.

संथगती: माझा लाल वाला फक्त इंजिन तापल्यावर आयडलिंगला मिणमिणतो, रेस दिली की जातो. लेव्हल बरोबर. मेकॅनिक म्हणतो स्विच बदला

ग्रीसचेहात: स्विच असेलही, बेअरिंग झिजली असतील तरी असंच होतं. स्विच काढून तिथे गेज लावून प्रेशर मोजायला सांगा, तोवर चालवू नका.

संथगती: उद्या न्यायचीच होती, लग्नाला जायचंय त्याच गाडीने 🙈

धागाकर्ता: रिक्षाने जा हो.